पान वळलंय, पण कुठल्या बाजूला?
मिरचीचा बोकड्या फोटोवरून ओळखताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या भाषणाचे शब्दांकन. भाषणाचा बोलका बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नोकरीची सगळी वर्षं मी पिकांवरचे रोग आणि किडी बघण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर काम थांबेल असं वाटलं होतं, पण आपल्या सोसायटीत ते थांबत नाही. सकाळी चहा व्हायच्या आत फोनवर एक पान येतं, आणि त्याच्याखाली एकच ओळ असते, "काका, हे काय झालंय? काय मारू?" समितीने मला विषय विचारला तेव्हा मी हाच घेतला. पानाच्या फोटोवरून रोग किती ओळखता येतो, किती ओळखता येत नाही, आणि तुमचं तुम्हाला कसं ओळखता येईल.

सगळ्या झाडांबद्दल बोललो तर रात्रीचं जेवण राहील. म्हणून आज एकच झाड घेऊ, मिरची. कारण आपल्या चारही विंगमध्ये मिळून सगळ्यात जास्त कुंड्या तिच्याच आहेत, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त फोटोही तिचेच येतात. तक्रारही बहुतेक वेळा तीच असते. शेंड्याची पानं वळली, आकसली, सुरकुतली, फुलं गळली, मिरची धरत नाही.

एक नाव, अनेक कारणं

याला आपल्याकडे बोकड्या म्हणतात. कुणी चुरडा-मुरडा म्हणतं, कुणी कोकडा. नावं चांगली आहेत, पण ती फक्त पान कसं दिसतं तेवढंच सांगतात. ते तसं कशामुळे झालं ते सांगत नाहीत. डॉक्टरकडे जाऊन "ताप आहे" म्हणण्यासारखं आहे हे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, ते वेगळं शोधावं लागतं.

मिरचीच्या बोकड्याची मुख्य कारणं तीन. पहिलं फुलकिडे, ज्यांना दुकानात थ्रिप्स म्हणतात. दुसरं पिवळा कोळी. हा कीटक नाही, आठ पायांचा आहे, कोळ्यांच्या कुळातला, आणि इतका बारीक की नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. तिसरा विषाणू. तो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

आता ओळखण्याची घाई का करायची नाही, ते बघा. फुलकिडे असतील तर झाड वाचतं. कोळी असेल तरी वाचतं, पण त्याला औषध वेगळं लागतं. फुलकिड्यांसाठी मिळणारी बरीचशी कीटकनाशकं कोळ्याला काहीच करत नाहीत. उलट कोळ्याला खाणारे उपयोगी जीव मरतात आणि कोळी वाढतो. आणि विषाणू असेल तर त्यावर औषधच नाही. ते झाड उपटावं लागतं, नाहीतर पांढरी माशी त्याच्यावरून शेजारच्या कुंड्यांत विषाणू नेत राहते. म्हणजे एकाच दिसणाऱ्या पानावर तीन वेगवेगळे निकाल आहेत: धुवा, दुसरं औषध आणा, किंवा उपटा.

तिघांमधला फरक

सगळ्यात पहिला प्रश्न असा की पानाची कड कुठे वळली आहे? वर की खाली?

कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल, तर संशय फुलकिड्यांवर. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल, तर संशय कोळ्यावर. एवढं लक्षात ठेवलं तरी आजचं निम्मं भाषण पदरात पडलं असं समजा.

पण निम्मंच, कारण विषाणूचं पानही बहुधा वरच्या बाजूलाच वळतं. म्हणजे वर वळलेलं पान दोघांचं असू शकतं. म्हणून दुसरी खूण बघायची, पानाची पाठ.

फुलकिडे कोवळं पान खरवडून त्यातला रस शोषतात. त्यामुळे पाठीमागे मधल्या शिरेच्या कडेने चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात. घासणीने स्टीलचं भांडं घासल्यावर चरे पडतात ना, तसे. पान सुरकुततं, पण शिरा आपल्या जागी, नेहमीच्या जाडीच्या असतात.

कोळ्याने धरलेल्या पानाची पाठ तांबूस, चकचकीत होते, जणू तेलाचं बोट फिरवलंय. पान अरुंद होतं, कडक होतं, दुमडलं तर कटकन मोडतं. आणि देठ लांबतो. पान लहान आणि देठ लांब, उंदराच्या शेपटीसारखा. हा लांबलेला देठ फोटोत छान दिसतो, म्हणून ती मला फार आवडती खूण आहे.

विषाणूच्या पानाला ओरखडे नसतात. तिथे शिरा बघायच्या. पान आकाशाकडे धरलं की शिरा जाड, फुगलेल्या आणि गडद दिसतात, मधला भाग किंवा कडा पिवळट पडते. शिवाय पूर्ण झाड बघायचं. पेरं जवळजवळ येतात, पानं बारीक होतात आणि शेंडा झुडपासारखा गच्च दिसतो. कुंडी हलवली की पिठाच्या कणांसारख्या पांढऱ्या माश्या उडाल्या, तर संशय वाढला.

तोतये

या तिघांसारखे दिसणारे, पण ते नसलेले, आणखी तीन आहेत. यांच्यामुळे विनाकारण औषधं मारली जातात.

पहिला म्हणजे ऊन. मार्च-एप्रिलमध्ये भर दुपारी मिरचीची पानं पाणी वाचवण्यासाठी स्वतःच वर वळतात. पण ती सुरकुतलेली नसतात, ओरखडे नसतात, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ झालेली असतात. म्हणून दुपारी दोन वाजता काढलेल्या फोटोवर मी उत्तर देत नाही. सकाळी आठला परत काढायला सांगतो.

दुसरा मावा. पानं वाकडीतिकडी होतात, पण पाठीमागे हिरवे किंवा काळपट किडे घोळक्याने बसलेले नुसत्या डोळ्याला दिसतात. पानाला हात लावला की चिकट लागतं, आणि त्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागलेली असते. मिरचीवर मुंग्या दिसल्या की आधी मावा शोधा.

तिसरा आपल्यासारख्या सोसायट्यांमध्येच जास्त भेटतो, तो म्हणजे तणनाशक. लॉनमधलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी नावाचं औषध वापरतात. वारा असताना फवारलं, किंवा तोच पंप न धुता कुंड्यांना वापरला, तर मिरची-टोमॅटोची नवी पानं पट्टीसारखी अरुंद, पिळवटलेली येतात. शिरा एकमेकींना समांतर ओढल्यासारख्या दिसतात. इथली खूण पानात कमी आणि मांडणीत जास्त असते. एकाच आठवड्यात, एकाच बाजूच्या सगळ्या कुंड्या, आणि मिरचीबरोबर टोमॅटोही! किडी अशा एका रेषेत, एका दिवशी येत नाहीत. त्या एका कुंडीपासून सुरू होऊन पसरतात.

उत्तर द्यायला पुरेल असा फोटो

आता फोटोबद्दल. मला येणारे बहुतेक फोटो तोडलेल्या पानाचे असतात, जेवणाच्या टेबलावर ठेवलेले. त्यातून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. तोडलेलं पान दहा मिनिटांत सुकायला लागतं आणि स्वतःच वळतं. मग ते झाडावर वर वळलं होतं की खाली, हा पहिलाच प्रश्न बाद होतो. शिवाय देठ अर्धा तुटलेला असतो आणि शेंडा कसा आहे ते कळत नाही.

म्हणून पान झाडावर ठेवूनच चार फोटो काढा. पहिला पूर्ण कुंडीचा, शेजारच्या कुंड्या दिसतील असा. दुसरा शेंड्याचा, बाजूने, म्हणजे कडा कुठे वळल्या ते दिसेल. तिसरा एका वळलेल्या पानाचा वरून, देठासकट. चौथा त्याच पानाच्या पाठीचा. चारांत सगळ्यात महत्त्वाचा चौथा, आणि नेमका तोच कुणी पाठवत नाही.

सकाळच्या उजेडात, सावलीत काढा. फ्लॅश नको, चकाकीत ओरखडे पुसले जातात. फोन पानाला चिकटवू नका. अगदी जवळ नेला की बहुतेक फोनचा कॅमेरा धूसर होतो. वीतभर अंतर ठेवा, पानामागे हात किंवा वही धरा म्हणजे कॅमेरा मागच्या ग्रिलवर फोकस करणार नाही, आणि नंतर फोटो कापून मोठा करा. पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक ओरखडे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो.

खात्री किती, हे सांगायला शिकायचं

आता आजच्या विषयाचा गाभा. "हे काय आहे?" या प्रश्नाला नुसतं नाव सांगून चालत नाही. नावाबरोबर खात्री किती ते सांगावं लागतं. मी दहाच्या हिशोबात सांगतो. दहात नऊ म्हणजे मी त्यावर उपाय सुरू करायला सांगेन. दहात सहा-सात म्हणजे ज्याने नुकसान होणार नाही असा उपाय करा आणि आणखी एक तपासणी करा. दहात पाचच्या खाली म्हणजे काहीच मारू नका, आधी दुसरा फोटो पाठवा.

यात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक कारणाला फोटोवरून मिळणाऱ्या खात्रीची कमाल मर्यादा आहे. फुलकिडा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. चांगल्या फोटोत तो स्वतः दिसू शकतो, आणि किडा दिसला तर दहात नऊपर्यंत जाता येतं. कोळी त्याच्या पाचव्या भागाएवढा असतो. साध्या फोटोत आपण फक्त त्याने केलेलं नुकसान बघतो, म्हणून सातच्या वर जात नाही. फोनला लावायचं भिंग किंवा वीसपट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग असेल, आणि पानाच्या पाठीवर हलणारे पिवळसर ठिपके किंवा पांढऱ्या टिकल्या असलेली पारदर्शक अंडी दिसली, तरच नऊ. विषाणू तर कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. म्हणून कुणी फोटो बघून "शंभर टक्के व्हायरस" म्हणालं, तर त्यांनी थोडं जास्तच सांगितलं असं समजा.

आपल्या गच्चीवरच्या चौदा कुंड्या

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणावरून सांगतो. मागच्या मार्चमधली गोष्ट, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. महिला मंडळाने ए विंगच्या गच्चीवर मिरचीच्या चौदा कुंड्या लावल्या होत्या. रोपं चार महिन्यांची, फुलावर आलेली. एका सकाळी मंडळाच्या एका वहिनींनी मला एकच फोटो पाठवला, शेंड्याचं पान, वरून काढलेलं. खाली लिहिलं होतं, "रोपवाटिकेतले दादा म्हणाले, व्हायरस आहे, सगळ्या कुंड्या उपटून माती फेकून द्या. रविवारी उपटतोय."

फोटोत पान वर वळलेलं होतं, सुरकुतलेलं होतं. एवढंच. मी कळवलं, "या फोटोवर फुलकिडे दहात पाच, विषाणू तीन, बाकी सगळं मिळून दोन. म्हणजे उपटण्याइतकी खात्री नाही. रविवारपर्यंत थांबा आणि प्रत्येक कुंडीचे चार फोटो काढा."

इथे फुलकिड्यांना जास्त गुण का दिले? दोन कारणं. कोरडा, तापता महिना त्यांचा आवडता, आणि फोटोत पान आकसलं असलं तरी रंग हिरवाच होता, पिवळेपणा नव्हता. पण पाठ दिसली नव्हती, म्हणून पाचच.

दुसऱ्या दिवशी छप्पन फोटो आले. वहिनींच्या मुलीने प्रत्येक कुंडीला नंबर दिला होता, हे फार उत्तम केलं. अकरा कुंड्यांच्या पानांच्या पाठीवर मधल्या शिरेच्या कडेने तपकिरी ओरखडे स्पष्ट होते. शिरा जाड नव्हत्या. त्या अकरांसाठी मी फुलकिड्यांना आठ दिले.

नळाच्या बाजूच्या दोन कुंड्या वेगळ्या निघाल्या. त्यांची पानं खाली वळलेली होती, अरुंद, पाठ तांबूस, आणि देठ शेजारच्यांच्या मानाने लांब. तिथे सतत ओल, भिंतीचा आडोसा, हवा खेळत नव्हती. दमट उबाऱ्यात पिवळा कोळी वाढतो. या दोघांना कोळी, दहात सात.

आणि कुंडी नंबर नऊ. पानं वर वळलेली, पण ओरखडे नाहीत. शेंडा गच्च, पेरं आखूड, कडा पिवळट. आकाशाकडे धरून काढलेल्या फोटोत शिरा जाड दिसत होत्या. विषाणू, दहात सात. म्हणजे रोपवाटिकेतल्या दादांचं अगदीच चुकलं होतं असं नाही. चौदातल्या एका कुंडीपुरतं त्यांचं बहुधा बरोबर होतं. एका पानाचं उत्तर चौदा कुंड्यांना लावलं, तिथे गडबड झाली.

मग कागदाची चाचणी केली. ही तुम्ही सगळ्यांनी शिकून घ्या. गडद रंगाचा कागद शेंड्याखाली धरायचा आणि शेंड्यावर बोटाने चार-पाच टिचक्या मारायच्या. फिकट पिवळे, बारीक काडीसारखे किडे कागदावर पळताना दिसले तर फुलकिडे. अकरापैकी ज्या तीन कुंड्यांवर ही चाचणी केली, त्या तिन्हींवर सहा-सात किडे पडले. आता त्या गटाची खात्री नऊ. कोळ्याला ही चाचणी लागू नाही, तो असा पडून दिसत नाही. म्हणून त्या दोन कुंड्यांच्या पानांची पाठ भिंगाखाली बघितली. टिकल्यांची अंडी सापडली, तीही खात्री नऊवर गेली.

मग केलं काय

अकरा कुंड्यांना आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या पाठीवर, सकाळी, दर दोन दिवसांनी. पडलेली पानं उचलली, कारण फुलकिड्याची एक अवस्था मातीत आणि पालापाचोळ्यात जाते. निळे चिकट कागद टांगले, फुलकिडे निळ्या रंगाकडे ओढले जातात. त्याबरोबर एक लिटर पाण्यात ५ मिलि. कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडासा पातळ साबण, संध्याकाळी, सात-सात दिवसांनी तीनदा. तीनदा एवढ्यासाठी, की फुलकिड्याची अंडी पानाच्या आत असतात. पहिल्या फवारणीत ती वाचतात, आठवड्याने किडे बाहेर येतात, तेव्हा दुसरी लागते.

कोळ्याच्या दोन कुंड्या सगळ्यांपासून बाजूला नेल्या, शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले आणि पाण्यात विरघळणारं गंधक फवारलं. प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, मास्क लावून, उन्हाच्या आधी. गंधक आणि तेल मात्र कधीच एकत्र किंवा पाठोपाठ मारायचं नाही. मधे निदान पंधरा दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर पानं करपतात. कडक उन्हातही गंधक नको. आपल्याकडे कुंड्या वेगळ्या केल्यामुळे ही सरमिसळ टळली. ओळख आधी केली त्याचा हा एक फायदा.

आणि नऊ नंबरची कुंडी उपटली. खात्री सातच होती, मग का उपटली, असं वहिनींनी विचारलं. कारण चूक दोन्ही बाजूंनी किती महाग पडते ते बघायचं. विषाणू नसताना उपटली तर एक रोप गेलं. विषाणू असताना ठेवली तर बाकीच्या तेरा कुंड्यांना धोका. म्हणून तिथे सातवरच निर्णय घेतला. तेच चौदाच्या चौदा उपटण्यासाठी सात पुरले नसते. माती मात्र फेकली नाही. हा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर जातो, मातीतून येत नाही.

उपाय लागू पडला की नाही हे कसं कळलं? इथे बहुतेक लोक फसतात. एकदा वळलेलं पान परत सरळ होत नाही, किडा मेला तरी नाही. पंधरा दिवसांनी तीच वाकडी पानं बघून लोक म्हणतात, औषध चाललं नाही, आणि आणखी कडक औषध आणतात. म्हणून उपाय सुरू केला त्या दिवशी प्रत्येक शेंड्याच्या खाली लाल दोरा सैल बांधला. नंतर फक्त दोऱ्याच्या वरची पानं बघायची. वीस दिवसांनी अकरापैकी नऊ कुंड्यांची नवी पानं सपाट होती. दोन मात्र सुधारल्या नाहीत, आणि त्यातल्या एकीत शिरा जाड दिसायला लागल्या, ती पुढे काढली. एकाच झाडावर दोन दुखणी असू शकतात, हे अशा वेळी लक्षात ठेवायचं. कोळ्याच्या दोन्ही कुंड्या सावरल्या.

चौदातली बारा झाडं राहिली. गणपतीच्या प्रसादाच्या जेवणातला ठेचा त्यांचाच होता.

श्रोत्यांचे प्रश्न

*काका, आधी एकदा सगळ्यांवर चालेल असं एखादं औषध मारून टाकलं तर?*

असं औषध नाही. विषाणूवर तर काहीच नाही. आणि दोन-तीन औषधं एकत्र करून घरच्या मिरचीवर मारली, तर ती मिरची आपल्याच भाजीत पडते. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते छापलेलं असतं. कुंडीतली मिरची आपण रोज तोडतो, तिथे ते पाळणं अवघड जातं. खात्री नसेल तोपर्यंत पाण्याचा फवारा मारा. त्याने फुलकिडे, मावा, पांढरी माशी, सगळेच थोडे कमी होतात आणि नुकसान काही होत नाही.

*आमच्या बाल्कनीतल्या एकाच कुंडीला झालंय. चार फोटो काढूनही कळत नसेल तर?*

तर ती कुंडी बाजूला ठेवा, शेंड्याला दोरा बांधा, दर तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच बाजूने फोटो काढा. एका फोटोपेक्षा आठ दिवसांचे तीन फोटो खूप जास्त सांगतात. नुकसान वाढतंय का, शेजारच्या झाडावर जातंय का, नवं पान कसं येतंय, हे सगळं त्यात दिसतं. तरीही उलगडलं नाही तर कोवळ्या शेंड्याचा तुकडा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा. ओल्या पिशवीत नेऊ नका, तिथे पोहोचेपर्यंत पान सडतं आणि त्यांनाही काही कळत नाही.

*लॉनवर तणनाशक मारतात त्याचं काय करायचं?*

हे समितीनेही ऐकावं. वारा नसताना, सकाळी लवकर मारावं, नोटीस बोर्डावर आदल्या दिवशी लिहावं आणि त्यासाठीचा पंप वेगळा ठेवावा. त्यावर लाल रंगाची पट्टी मारावी आणि तो कुंड्यांकडे कधीच नेऊ नये. पंप नुसत्या पाण्याने विसळून हे औषध पूर्ण जात नाही.

*दृष्ट लागल्यावर मिरच्या उतरवतो, इथे मिरचीलाच दृष्ट लागली तर काय उतरवायचं?*

(हशा) तिचं पान उलटं करून बघायचं.

वेळ झाली आहे. उद्यापासून फोटो जरूर पाठवा, चारच्या चार पाठवा, आणि पाठीचा विसरू नका.